चमकीची कड

दिग्रस हा कापसाचा तालुका, पण लग्नसराईत माझ्या मशीनखाली येणाऱ्या कापडात कापूस शोधावा लागतो. टिश्यू, ब्रोकेड, शिमर, लुरेक्स, ग्लिटर जॉर्जेट अशी दुकानातली नावं वेगवेगळी असली तरी काउंटरवर कापड ठेवताना बाया एकच सांगतात, "ताई, चमकीचं हाय, सांभाळून शिवजा." कापसाचे पैसे हाती आले की लग्नं ठरतात. तुळशीच्या लग्नानंतर सुरू झालेली ही धावपळ थेट मे महिन्यापर्यंत चालते. त्यात ईद येते, रामनवमीची पोहरादेवीची यात्रा येते, आणि ती संपली की श्रावणात तांड्यांवरची तीज येते. जरी पूर्वी शालूच्या काठापदरात असायची. आता ती अख्ख्या पोलक्यात, लहान मुलींच्या फ्रॉकमध्ये आणि घागऱ्याच्या घेरात आली आहे. काठापदरातली जरी अंगाला फारशी लागत नव्हती. पोलक्यातली लागते, आणि बगलेत घामात भिजते.

या कापडाच्या तक्रारी तीनच. टोचतं, रंग उडतो किंवा काळं पडतं, आणि धुतल्यावर वाट लागते. मी ते कापड वर्षानुवर्षं कापत, उसवत आणि दुरुस्त करत आले. तेव्हा लक्षात आलं की यातल्या बहुतेक तक्रारी एकाच जागेपासून सुरू होतात, आणि ती जागा म्हणजे चमकीच्या पट्टीची कापलेली कड.

ही पट्टी बनते कशी, ते मला सुरतेहून माल आणणाऱ्या एका व्यापाऱ्याने समजावलं. आधी पॉलिस्टरची पातळ फिल्म घेतात. ती साधारण 12 मायक्रॉन जाड असते, म्हणजे केसाच्या जाडीच्या पाचव्या-सहाव्या भागाएवढी. हवा काढून घेतलेल्या कोठीत अल्युमिनियम तापवून त्याची वाफ करतात आणि ती वाफ या फिल्मवर बसवतात. एका मिलिमीटरचे एक लाख भाग केले तर त्यातल्या तीन-चार भागांइतकाच हा थर असतो. तो उघडा राहू नये म्हणून वर लाखेसारखा लेप देतात. सोनेरी हवी असेल तर लेप पिवळा, तांबूस हवी असेल तर तांबूस. मग त्या रुंद फिल्मच्या मिलिमीटरच्या पाव-तिसऱ्या भागाएवढ्या चपट्या पट्ट्या कापतात. लुरेक्स हे मुळात एका कंपनीचं नाव. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या डोबेकमन कंपनीने 1946 मध्ये असा धागा बाजारात आणला. तेव्हा अल्युमिनियमची पातळ वर्खी प्लॅस्टिकच्या दोन थरांमध्ये दाबलेली असे. आता आपल्याकडे असा कोणताही चपटा चमकता धागा लुरेक्सच.

त्या लेपाने पट्टीची वरची बाजू झाकली जाते, पण कापल्यावर दोन्ही कडा उघड्याच राहतात. ज्वारीच्या शेतातून गेलेल्याला ठाऊक असतं की पानाचा सपाट भाग लागत नाही, कड लागते. इथेही तसंच आहे. पट्टी सपाट पडली तर गुळगुळीत लागते, कडेवर उभी झाली किंवा तिचं टोक वर आलं की बोचते. आणि जी कड कातडीला लागते, त्याच कडेतून घाम आणि सोडा आत शिरतो.

टोचण्यापासून सुरू करते, कारण तीच तक्रार सगळ्यांत आधी येते. एका आईने लेकीसाठी चमकीचा तयार फ्रॉक घेतला होता. वाढदिवसाला मुलीने तो तासभरही अंगावर ठेवला नाही. आई म्हणाली, "अव ताई, लेकरू नुसतं रडे. कंबरीले लाल-लाल झालं होतं. हे चमकीच वाईट." मी फ्रॉक उलटा केला. वरच्या लुरेक्सच्या कापडाची मागची बाजू तर सुती अस्तराने झाकलेली होती. लाल झालं होतं ते कंबरेच्या टिपेपाशी. तिथे फ्रॉक फुगवायला लावलेली कडक जाळी, म्हणजे कॅनकॅन, आणि लुरेक्सची कापलेली टोकं एकाच शिलाईत धरली होती, आणि ती शिलाई उघडीच अंगाकडे सोडली होती. कापड बदलायची गरज नव्हती. मी जाळी छाटून कमी केली, शिलाईवर मऊ सुती कापडाची तिरकी पट्टी चढवली, आणि मुलीने तोच फ्रॉक पुढे घातला.

आपल्याकडच्या ब्लाउजच्या शिवणीतला एक दोष मला याच कामातून कळला. सर्रास पद्धत अशी की अस्तर आणि वरचं कापड एकावर एक ठेवतात आणि दोन्ही एकत्र धरून एकच कापड असल्यासारखे शिवतात. साध्या कापडाला ते चालतं. चमकीच्या कापडाला मात्र त्यातून अर्धाच बचाव मिळतो. कापडाचा मधला भाग अस्तराने झाकला जातो, पण मुंढ्याचं, बाजूचं आणि गळ्याचं मार्जिन आतच राहतं, अंगाला लागून. आणि नेमकं तिथेच कापलेल्या पट्ट्यांची शेकडो टोकं असतात. इंटरलॉक केलं तरी ती टोकं दोऱ्यामधून बाहेर डोकावतात. म्हणून गिऱ्हाईक म्हणतं, "अस्तर तं लावलं, तरी टोचते कावून?"

यावर उपाय एकच. अस्तराचं पोलकं वेगळं शिवायचं, वरचं वेगळं शिवायचं, आणि दोन्हींची मार्जिन एकमेकांसमोर, म्हणजे दोन थरांच्या मध्ये बंद होतील असं जोडायचं. गळा आणि बाहीचं तोंड उलटवून घ्यायचं. वेळ जास्त लागतो, कापडही थोडं जास्त लागतं. एवढ्या खर्चाला गिऱ्हाईक तयार नसेल तर निदान मुंढा आणि बाजूच्या शिलाया सुती तिरक्या पट्टीने झाकायच्या. अस्तर सुतीच हवं. क्रेपचं किंवा सॅटिनचं अस्तर हाताला गुळगुळीत लागतं, पण मेच्या उन्हात त्यात घाम जिरत नाही, आणि भिजलेली कातडी कोरड्या कातडीपेक्षा लवकर सोलवटते. सुती अस्तर कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून घ्यायचं. नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि वरचं कापड फुगून राहतं.

दुकानात कापड निवडायलाही साधी कसोटी आहे. बाया सुलटी बाजू तळहातावर फिरवून पाहतात. शेतात आणि घरात राबलेल्या तळहाताला त्यातलं काही कळत नाही. मी सांगते, उलटी बाजू कोपराच्या आतल्या मऊ जागेवर आडवी घासा, मग थानाची कापलेली कड तिथेच घासा. उलट्या बाजूला लांब, मोकळ्या पट्ट्या तरंगत असतील, जसं बुट्ट्यांच्या ब्रोकेडमध्ये असतं, तर त्या नखात अडकतील आणि अंगालाही लागतील. काही कापडांत पट्टीभोवती बारीक धागा गुंडाळलेला असतो, किंवा पट्टीला धाग्याबरोबर पीळ दिलेला असतो. ते कापड चमकायला थोडं मंद, पण अंगाला बरंच सोसवतं. लहान मुलींसाठी मी तेच घ्यायला लावते.

दुसरी तक्रार रंगाची. यात मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते एका नवरदेवाच्या आईच्या पोलक्याने. मे महिन्यातलं लग्न होतं. फिकट सोनेरी टिश्यूचं पोलकं हळदीला, लग्नाला आणि स्वागत समारंभाला अशा सगळ्या कार्यक्रमांत वापरलं गेलं. लग्नानंतर ते घेऊन बाई आल्या त्या रागातच. "दुकानदारानं खोटी जरी दिली. सारं सोनं बगलेतून उडून गेलं."

बगलेत चंद्रकोरीच्या आकाराचा फिका डाग होता. नीट पाहिलं तर तो एकसारखा नव्हता. बाहेरच्या काठाला कापड चांदीसारखं पांढरं दिसत होतं, आणि मधोमध चमकच उरली नव्हती, खालचं अस्तर दिसत होतं. मी बाजूची शिलाई थोडी उसवली आणि तीन ठिकाणच्या पट्ट्या काढून काळ्या कापडावर ठेवल्या. मार्जिनच्या आतली पट्टी नव्यासारखी सोनेरी होती. डागाच्या काठावरची रुपेरी होती. मधली पट्टी तुटलेली नव्हती, तिची लांबी-रुंदी जशीच्या तशी होती, पण ती आरपार दिसणारं प्लॅस्टिक झाली होती.

या तीन पट्ट्यांमध्ये सगळी हकिगत होती. सोन्याची चांदी झाली, म्हणजे वरचा पिवळा लेप गेला. चांदीचं पारदर्शक प्लॅस्टिक झालं, म्हणजे लेपाखालचं अल्युमिनियमही गेलं. बाईंना विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की त्या तयार झाल्यावर बगलेत स्प्रे मारत, आणि रात्री बगलेची जागा धुण्याच्या पावडरीने ब्रश घालून घासत. स्प्रेमधल्या स्पिरिटने काही लेप सैल होतात. ब्रशने तो खरवडला गेला. घामात मीठ असतं. शिवाय घाम ताजा असताना किंचित आम्ल आणि साचून राहिला की क्षारधर्मी होतो. अल्युमिनियमला आम्लही चालत नाही आणि क्षारही. पावडरीतल्या सोड्याने उरलेलं काम केलं.

दुकानदाराचा यात दोष नव्हता, पण बाईंना ते पटेना. मग मी त्यांच्यासमोर मार्जिनमधून दोन तुकडे कापले. एका वाटीत रिठ्याचं पाणी, दुसऱ्या वाटीत कोमट पाण्यात धुण्याचा सोडा. तुकडे तसेच ठेवून त्यांना दुसऱ्या दिवशी बोलावलं. रिठ्याच्या वाटीतला तुकडा होता तसाच होता. सोड्याच्या वाटीतल्या तुकड्याच्या कापलेल्या बाजू फिक्या झाल्या होत्या आणि फिकेपणा आत सरकत होता. बाई बराच वेळ तो तुकडा उन्हात धरून पाहत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "म्हंजे म्याच धुतलं सोनं."

त्यांनी मग विचारलं की याला पॉलिश करून चमक परत येईल का. हा प्रश्न पुष्कळ बाया विचारतात, कारण आजीच्या शालूची काळी पडलेली जरी जाणकाराकडून उजळून आणलेली त्यांनी पाहिलेली असते. पण ती जरी वेगळी. खऱ्या जरीत रेशमावर चांदीची चपटी तार गुंडाळून वर सोन्याचं पाणी दिलेलं असतं. स्वस्त जरीत चांदीऐवजी तांब्याची तार असते. हवेतल्या गंधकाने चांदीवर काळा थर चढतो. तांबं काळपटतं, कधी हिरवट होतं. तिथे धातूवर काहीतरी साचलेलं असतं आणि खाली धातू शाबूत असतो. लुरेक्समध्ये धातूच विरघळून गेलेला असतो. मग उजळायचं काय? लिंबू, चिंच किंवा भांडी घासायची पावडर लावून पाहणाऱ्या बाया उरलीसुरली चमकही गमावतात.

म्हणून आता डाग पाहिला की मी आधी एवढंच बघते. काळं किंवा हिरवं पडलं असेल तर ती धातूची तार. फिकं पडून आरपार दिसत असेल तर ती फिल्म. शंका वाटली तर मार्जिनमधला एक धागा काढून चिमट्यात धरून ज्योतीजवळ नेते. फिल्म आक्रसून वितळते आणि तिची कडक गुठळी होते. तार जळत नाही, आतला दोरा जळाला तरी तारेचा सांगाडा उरतो.

त्या पोलक्याच्या बगलेतला खराब भाग काढून तिथे जुळत्या रंगाच्या साध्या रेशमी कापडाचा तिकोनी तुकडा बसवला. हात खाली असताना तो दिसत नव्हता. तेव्हापासून मी उन्हाळ्यातल्या लग्नासाठी पूर्ण चमकीचं पोलकं शिवायला आलं की बगलेचा तेवढा भाग सुरुवातीलाच साधा ठेवायचं सुचवते. ते नको असेल तर घामाचे सुती पॅड करते. अर्धगोल, दुहेरी कापडाचे, मुंढ्यात चार कच्च्या टाक्यांनी अडकवलेले. कार्यक्रम झाला की टाके तोडायचे, पॅड साबणाने धुवायचे, पोलकं सावलीत हवेवर टांगायचं. जो घाम पॅडमध्ये अडकला, तो पट्टीच्या कडेपर्यंत पोचत नाही.

तिसरी तक्रार धुण्याची. तयार कपड्याला आत बारीक पट्टी शिवलेली असते. त्यावर पाण्याच्या टबावर फुली असेल तर घरी धुवायचं नाही. वर्तुळात पी असेल तर ड्रायक्लीन. पण ही पट्टी मानेला टोचते, म्हणून बाया तीच सगळ्यांत आधी कापून टाकतात. मग धुण्याचा नियम सांगायला उरतं कोण? मी माझ्याकडे आलेल्या कपड्याची पट्टी कापावी लागली तर ती गिऱ्हाइकाच्या हातात देते आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवायला सांगते.

ड्रायक्लीनही डोळे मिटून करू नये. कशात धुणार, हे विचारून घ्यावं, आणि मार्जिनचा तुकडा आधी त्यात बुडवून बघायला सांगावं. काही रंगीत लेप त्या द्रावकात सुटतात आणि सोनेरी कपडा रुपेरी होऊन परत येतो.

पाण्यात धुण्यातली अडचण सोड्यापुरती नाही. एक शिक्षिका सुती साडी घेऊन आल्या होत्या. साडीला लुरेक्सचा रुंद काठ. पहिल्याच धुण्यात काठ लाटांसारखा वर-खाली झाला होता. त्यांना वाटलं काठ सैल झाला. मी काठ आणि त्याच्या लगतचं साडीचं अंग वेगवेगळं ताणून टेपने मोजलं. काठ लांब भरला, अंग आखूड. सुती कापड पाण्यात आटलं होतं आणि फिल्म मुळीच आटली नव्हती. याच्या उलटही होतं. तापलेल्या इस्त्रीखाली पॉलिस्टरची फिल्म आक्रसते, तेव्हा काठ आखूड होतो आणि साडीच्या अंगाला चुण्या पडतात. दिसायला दोन्हीकडे सुरकुत्याच, पण लांब कोण हे मोजलं की कारण कळतं. पहिल्या प्रकारात काठ उसवून, पुन्हा मोजून लावता येतो. दुसऱ्यात काठ गेलेलाच असतो, तो परत लांब होत नाही.

धुवायचंच असेल तर मी बायांना एवढं सांगते. कपडा उलटा करा. थंड पाणी घ्या, त्यात रिठा किंवा लोकरीसाठीचा सौम्य साबण घाला. भिजत ठेवू नका, पाच मिनिटांत हलक्या हाताने दाबून काढा. पिळू नका, मशीनमध्ये तर फिरवूच नका, कारण पिळताना पट्टी मोडते आणि मोडलेल्या जागी लेपाला तडा जातो. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा, सावलीत आडवा वाळवा. इस्त्री उलट्या बाजूने, मध्ये सुती कापड ठेवून, सगळ्यांत कमी आचेवर, वाफ न सोडता करा. ठेवताना जुन्या धोतरात गुंडाळी करून ठेवा. एकाच घडीत वर्षभर ठेवलेलं कापड त्या घडीवरच पांढरं पडतं. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, आत दमटपणा राहिला तर जुना घाम पुन्हा आपलं काम सुरू करतो.

शिवणाऱ्यांसाठीही दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. ही फिल्म सुईला लवकर बोथट करते. बोथट सुई पट्टी भेदत नाही, ओढते, आणि कापडावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ उमटते. ती रेघ नंतर जात नाही. म्हणून मी प्रत्येक मोठ्या कामाला नवी 11 नंबरची सुई लावते आणि टीप जरा लांब ठेवते. दुसरं म्हणजे, या कापडात सुईचं भोक बुजत नाही. उसवलं की भोकांची रांग दिसत राहते. त्यामुळे मापाची सगळी दुरुस्ती अस्तरावर करून घ्यायची. अस्तराचं पोलकं गिऱ्हाइकाला घालून पाहायचं, तिथे हवं ते सैल-घट्ट करायचं, आणि मगच चमकीच्या कापडाला कात्री लावायची. मार्जिन दीड इंच ठेवायचं आणि कापल्याबरोबर इंटरलॉक करायचं, कारण गुळगुळीत पट्ट्या कापडातून सरकन सुटतात.

हे सगळं करायला साध्या पोलक्याच्या दुप्पट वेळ जातो, आणि त्याची शिलाई मी मागते. काही बाया शेजारच्या गल्लीत जातात. तिथे अस्तर एकत्र धरून निम्म्या पैशात काम होतं. मी त्यांना अडवत नाही. एका संध्याकाळच्या कार्यक्रमापुरतं, हिवाळ्यात घालायचं कापड असेल तर तेवढंही पुरतं. उन्हाळ्यातलं लग्न असेल आणि कपडा पुढेही घालायचा असेल तर मात्र मी वेगळाच हिशेब मांडते. पूर्ण पोलकं चमकीचं घेण्यापेक्षा सुती रेशमी पोलकं शिवा, आणि लुरेक्स फक्त बाहीच्या तोंडाला, पाठीच्या पट्टीला, ओढणीच्या काठाला लावा. तेही कच्च्या, लांब टाक्यांनी. धुवायच्या आधी काठ काढायचा, पोलकं सौम्य साबणाने धुवायचं, वाळलं की काठ परत लावायचा. जुन्या बाया जरीचा काठ असाच एका साडीवरून उतरवून दुसरीला लावत. गेल्या लग्नसराईत एका मुलीच्या घरच्यांनी हे ऐकलं. तिच्या पाच पोलक्यांना मी एकच काठ आळीपाळीने लावून दिला. कापडाचे वाचलेले पैसे त्यांनी शिलाईत दिले, आणि मला ते योग्य वाटलं.